उत्तर साठपट चुकलं की हजारपट? औषधाच्या मात्रेच्या गणितातली चूक शोधण्याची रीत

गेल्या महिन्यात आमच्या वॉर्डातली एक ज्युनिअर सिस्टर ड्युटी संपल्यावर सराव पेपरची वही घेऊन माझ्याकडे आली. "ताई, सूत्र बरोबर आहे, आकडे बरोबर घातलेत, भागाकार दोनदा तपासला. तरी उत्तर जुळत नाही," म्हणाली. आणि हे एकदाच झालेलं नव्हतं. मात्रेची आणि सलाईनच्या वेगाची गणितं ती रोज सोडवत होती आणि पाचातलं एक तरी रोज चुकत होतं, दर वेळी वेगळ्याच तऱ्हेनं.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता. रुग्णाचं वजन ६४ किलो. डोपामिन दर किलोमागे दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम या वेगानं द्यायचं आहे. ५०० मिलि द्रावणात ४०० मिलिग्रॅम डोपामिन आहे. पंप ताशी किती मिलिवर लावाल?

तिचं उत्तर ४००. उत्तरपत्रिकेतलं उत्तर २४.

तिला आधी कुणीतरी सांगितलं होतं, सूत्र पुन्हा पाठ कर. तो सल्ला इथे काही कामाचा नाही, कारण सूत्र तिला खरोखरच येत होतं. मी तिला एवढंच म्हटलं, तुझं उत्तर बरोबर उत्तरानं भाग बघू. ४०० भागिले २४ म्हणजे १६.६७. हा आकडा मी ओळखते. १००० ला ६० नं भागलं की १६.६७ येतात. म्हणजे तिच्या गणितात एक नव्हे, दोन चुका होत्या. मिनिटाचा तास केला नव्हता, त्यामुळे उत्तर साठपट कमी व्हायला हवं होतं. आणि मायक्रोग्रॅमचं मिलिग्रॅम केलं नव्हतं, त्यामुळे ते हजारपट वाढलं होतं. दोन्ही चुका उलट्या दिशेनं ओढत होत्या, म्हणून शेवटी उरलेला आकडा वेडावाकडा न दिसता अगदी शहाण्यासारखा दिसत होता. ताशी २४,००० मिलि आलं असतं तर ती स्वतःच थांबली असती. ४०० आलं, आणि पर्यायांत ४०० होतंच.

या लेखात मी हीच रीत नीट मांडणार आहे. चुकलेलं उत्तर बरोबर उत्तरानं भागायचं (किंवा उलट, मोठ्याला लहानानं), आणि किती पट आलं त्यावरून चूक कोणत्या पायरीवर झाली ते ओळखायचं. सराव करताना उत्तर हाताशी असतं, म्हणून ही रीत सरावासाठी. खऱ्या पेपरात उत्तर हाताशी नसतं, तिथे काय करायचं तेही पुढे आहे.

आधी तेच गणित, एककं लिहून

तिच्या वहीत कच्चं काम दोन ओळींचं होतं. ५ गुणिले ६४ म्हणजे ३२०, आणि ३२० भागिले ०.८ म्हणजे ४००. एकाही आकड्यापुढे एकक नव्हतं. हेच मुळात दुखणं आहे. नुसत्या ३२० कडे बघून तो मिनिटाचा आहे की तासाचा, मायक्रोग्रॅम आहे की मिलिग्रॅम, हे कुणालाच सांगता येणार नाही, लिहिणारीलासुद्धा दहा सेकंदांनी सांगता येणार नाही.

तेच गणित असं लिहा:

```
5 mcg/kg/min × 64 kg    = 320 mcg/min
320 mcg/min × 60 min/h  = 19200 mcg/h
19200 mcg/h ÷ 1000      = 19.2 mg/h
400 mg ÷ 500 mL         = 0.8 mg/mL
19.2 mg/h ÷ 0.8 mg/mL   = 24 mL/h
```

पहिल्या ओळीत किलोला किलो कटतो, म्हणून उरतं मायक्रोग्रॅम दर मिनिटाला. दुसऱ्या ओळीत मिनिटाला मिनिट कटतं. शेवटच्या ओळीत मिलिग्रॅमला मिलिग्रॅम कटतं आणि ताशी मिलि उरतं, जे प्रश्नात विचारलं होतं. तिच्या दुसऱ्या ओळीला एककं लावून बघा. वर मायक्रोग्रॅम दर मिनिटाला, खाली मिलिग्रॅम दर मिलिला. मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅम एकमेकांना कटत नाहीत, आणि मिनिट तसंच लोंबकळत राहतं. एककं लिहिली असती तर पेन तिथेच अडलं असतं.

मुलं म्हणतात, पेपरात एवढा वेळ कुठून आणायचा? या पाच ओळी लिहायला मला चाळीस सेकंद लागतात. पाठ केलेल्या एका लांब सूत्रात सगळे आकडे एकदम कोंबले की वीस सेकंद वाचतात खरे, पण चूक झाली तर ती सापडायला जागाच उरत नाही. एम्सच्या नॉरसेटसारख्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापले जातात. तिथे वीस सेकंदांचा हा सौदा मला तरी परवडणारा वाटत नाही.

किती पट चुकलं?

*हजारपट.* मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत. क्वचित ग्रॅम आणि मिलिग्रॅम यांची. ही चूक बहुतेक वेळा द्रावणाच्या बाजूनं होते. मात्रा मायक्रोग्रॅममध्ये सांगितलेली असते आणि अँप्यूलवर मिलिग्रॅम छापलेलं असतं. दोन्हीपैकी कोणतीही एक बाजू बदला, पण गणित सुरू करताना बदला, मधेच नको. हातानं लिहिताना `µg` लिहू नका, `mcg` लिहा. घाईत काढलेला `µ` हा `m` सारखाच दिसतो, आणि स्वतःचंच कच्चं काम आपण मिलिग्रॅम म्हणून वाचतो. वॉर्डातल्या केसपेपरवरही हीच सवय हवी.

*साठपट.* मिनिट आणि तास. याच्या दोन जाती आहेत आणि दोन्ही सारख्याच सापडतात. एक म्हणजे ६० नं गुणायचं राहून जातं. वरच्या गणितात एककं नीट बदलून फक्त ६० विसरलं तर उत्तर ०.४ येतं. दुसरी जात म्हणजे गरज नसताना गुणलं जातं, आणि ती मी जास्त धोक्याची मानते, कारण ती अभ्यास केलेल्यांकडून होते. डोपामिन, नॉरॲड्रेनालिनची वीस गणितं सोडवली की हाताला ६० ची सवय लागते. मग हिपॅरिनचा प्रश्न येतो. ६० किलोच्या रुग्णाला दर किलोमागे ताशी १८ युनिट, आणि २५० मिलि द्रावणात २५,००० युनिट. इथे वेग आधीच तासाचा आहे. १८ गुणिले ६० किलो म्हणजे ताशी १,०८० युनिट. द्रावणात दर मिलिला १०० युनिट. उत्तर ताशी १०.८ मिलि. पण या प्रश्नातला ६० वजनाचा आहे, आणि सवयीच्या हातानं आणखी एक ६० घुसतो. उत्तर येतं ६४८. अशा प्रश्नात वजन मुद्दाम ६० दिलेलं असू शकतं, हे लक्षात ठेवा. प्रश्न वाचताना दर मिनिट की दर तास, त्या शब्दाभोवती गोल काढायची सवय मी सगळ्यांना लावते. पेपर संगणकावर असेल तर कच्च्या कागदावर पहिला शब्द तोच लिहायचा.

*वजनाइतके पट.* उत्तर ६४ पट कमी आलं आणि वजन ६४ किलो असेल तर आणखी शोधायची गरज नाही, वजनानं गुणायचं राहिलं. उलटही होतं. काही प्रश्नांत मात्रा रुग्णाची एकूण दिलेली असते, उदाहरणार्थ दर मिनिटाला १० मायक्रोग्रॅम, आणि वजन नुसतं माहितीसाठी लिहिलेलं असतं. ते वापरायचं नसतं.

*तीनपट किंवा चौपट.* थेंबांचा हिशोब. मायक्रो सेटमध्ये १ मिलिचे ६० थेंब पडतात. मोठ्या थेंबांच्या सेटमध्ये २० किंवा १५. साठाला वीसनं भागलं की तीन, पंधरानं भागलं की चार. वरचाच ताशी २४ मिलिचा वेग मायक्रो सेटनं मिनिटाला २४ थेंब होतो, २० थेंबांच्या सेटनं ८ आणि १५ थेंबांच्या सेटनं ६. मायक्रो सेटला ताशी मिलि आणि मिनिटाचे थेंब एकच का येतात, तर तासातली ६० मिनिटं आणि मिलितले ६० थेंब एकमेकांना कटतात, एवढंच. ही सोय फक्त मायक्रो सेटची आहे. ती मोठ्या सेटला लावली की उत्तर तीनपट किंवा चौपट फुगतं. प्रश्नात सेटचा आकडा दिला असेल तर तोच घ्या. आपल्या वॉर्डात वीसचा सेट असतो म्हणून पेपरातल्या पंधराला वीस करू नका.

*पाचपट किंवा दुप्पट.* ही चूक लेबल अर्धवट वाचल्याची. सिरपच्या बाटलीवर ५ मिलित १२५ मिलिग्रॅम लिहिलेलं असतं आणि डोक्यात फक्त १२५ राहतं. वायलवर २ मिलित १०० मिलिग्रॅम असतं आणि डोक्यात १०० राहतं. आपण नकळत १ मिलि धरतो.

*अडीचपट.* ही खास आपल्याकडची. इन्सुलिनची वायल ४० युनिट दर मिलिचीही मिळते आणि १०० युनिट दर मिलिचीही. २० युनिट द्यायचे तर पहिल्या वायलमधून ०.५ मिलि आणि दुसरीतून ०.२ मिलि. शंभरला चाळीसनं भागलं की अडीच. ४० च्या वायलला लाल टोपीची सिरिंज आणि १०० च्या वायलला केशरी टोपीची, हे वॉर्डात पहिल्या आठवड्यात शिकवलं जातं. पेपरात टोपीचा रंग दिसत नाही, वायलवरचा आकडाच वाचावा लागतो.

*दहापट.* याला मी वेगळी जागा देते, कारण दहापटीची चूक एककांच्या पडताळ्यातून निसटते. एककं सगळी नीट कटतात आणि तरी उत्तर चुकतं.

दशांश चिन्ह घसरतं तेव्हा

दहापटीची एक चूक मात्र एककांची आहे, ती आधी बाजूला काढू. टक्केवारीत दिलेलं द्रावण. लिग्नोकेन २ टक्के म्हणजे १०० मिलित २ ग्रॅम, म्हणजे १०० मिलित २,००० मिलिग्रॅम, म्हणजे दर मिलिला २० मिलिग्रॅम. घाईत २ टक्क्यांचं २ मिलिग्रॅम होतं आणि उत्तर दहापट वाढतं. टक्क्याचा आकडा दहानं गुणला की दर मिलिला किती मिलिग्रॅम ते मिळतं, एवढं पक्कं करा.

बाकीच्या दहापटीच्या चुका नुसत्या टिंबाच्या आहेत. आपल्याकडच्या भरती परीक्षांत कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत, त्यामुळे ०.८ नं भागणं हातानंच करावं लागतं. १९.२ भागिले ०.८ करताना पुष्कळ जण आधी १९२ ला ८ नं भागून २४ काढतात आणि मग टिंब कुठे द्यायचं यावर अडतात. एका मुलीनं २४ च्या मधे टिंब देऊन २.४ लिहिलं, कारण तिच्या मते "वर एक दशांश स्थळ होतं". भागाकारात तसं चालत नाही. वरचं आणि खालचं टिंब सारखीच घरं सरकवायची, खालचा आकडा पूर्णांक होईपर्यंत. १९.२ आणि ०.८ दोन्ही दहानं गुणले की १९२ भागिले ८. आता टिंब उरलंच नाही, द्यायचा प्रश्नच नाही. आणि एक खूण नेहमी लागू पडते. एकाहून लहान आकड्यानं भागलं की उत्तर मोठंच व्हायला हवं. १९.२ ला ०.८ नं भागून २.४ येऊच शकत नाही.

लहान बाळांच्या प्रश्नांत ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण तिथे उत्तरंच एका मिलिच्या आत असतात. १.८ किलोच्या बाळाला अमिकासिन दर किलोमागे १५ मिलिग्रॅम. वायलमध्ये २ मिलित १०० मिलिग्रॅम. मात्रा झाली २७ मिलिग्रॅम. आता भागाकार करण्याआधी थांबा आणि वायल डोळ्यांपुढे आणा. पूर्ण वायल १०० मिलिग्रॅमची. २७ म्हणजे पाव वायलपेक्षा थोडं जास्त. वायल २ मिलिची, तिचा पाव भाग अर्धा मिलि. म्हणजे उत्तर अर्ध्या मिलिहून थोडं जास्त असणार. मग गणित करा:

```
27 mg ÷ 100 mg × 2 mL = 0.54 mL
```

आता पर्यायांत ५.४ असलं तरी हात तिकडे जाणार नाही. ५.४ मिलिसाठी जवळपास तीन वायल फोडाव्या लागतील, तेही दोन किलोच्या आतल्या बाळासाठी. आणि ०.२७ आलं असेल तर ती दुपटीची चूक, वायलमधले २ मिलि विसरले गेले.

हेच पॅरासिटॅमॉलच्या सिरपचं. ८ किलोचं बाळ, दर किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२० मिलिग्रॅम. सिरप ५ मिलित १२५ मिलिग्रॅम. १२० हे १२५ पेक्षा जरासं कमी, म्हणून उत्तर ५ मिलिपेक्षा जरासं कमी. ४.८. इथे अंदाजच जवळजवळ उत्तर आहे. ज्यांचं ०.९६ येतं त्यांनी त्याला ४.८ शी ताडून पाहावं. पाचपट.

टिंब लिहिण्याचीही एक शिस्त आहे आणि ती मी कच्च्या कामातही पाळायला लावते. पूर्णांकापुढे टिंब आणि शून्य लावायचं नाही, ५.० लिहायचं नाही, ५ लिहायचं. आणि एकाहून लहान आकड्याआधी शून्य लिहायचंच, नुसतं .५ नाही, ०.५. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं २००४ मध्ये रुग्णालयांसाठी "वापरू नका" अशा लेखन-सवयींची यादी काढली, तिच्यात या दोन्ही सवयी आहेत. कारण साधं आहे. टिंब पुसट झालं की ५.० चे ५० होतात आणि .५ चे ५ होतात, दोन्ही वेळा दहापट. परीक्षेत मिळणारा कच्चा कागद पातळ असतो, बॉलपेनचं टिंब त्यावर उमटतही नाही. स्वतःचं कच्चं काम स्वतःच चुकीचं वाचणारी मुलं मी पाहिली आहेत.

उत्तर हाताशी नसताना: बाटली किती तास पुरेल?

पेपरात भागून बघायला बरोबर उत्तर नसतं. तिथे मी एकच पडताळा सांगते. आलेल्या वेगानं बाटली किती वेळ पुरेल ते बघा.

डोपामिनच्या गणितात ५०० मिलिची बाटली ताशी २४ मिलिनं २० ते २१ तास चालते. हे पटण्यासारखं आहे. उत्तर ०.४ आलं असतं तर तीच बाटली १,२५० तास, म्हणजे ५२ दिवस टांगून ठेवावी लागली असती. २४० आलं असतं तर दोन तासांत संपली असती. आणि त्या मुलीचं ४००? सव्वा तासात संपूर्ण बाटली, म्हणजे सव्वा तासात ४०० मिलिग्रॅम डोपामिन. आकडा म्हणून ४०० शहाणा वाटतो, बाटली म्हणून बघितला की वाटत नाही. हिपॅरिनचंही तसंच. ताशी १०.८ मिलिनं २५० मिलि साधारण २३ तास पुरतात. ६४८ नं २३ मिनिटांत संपतात, म्हणजे २५,००० युनिट हिपॅरिन चहा प्यायच्या वेळात आत.

या पडताळ्याला मर्यादा आहे. दहापट, साठपट, हजारपट चूक तो पकडतो. २४ च्या जागी १८ आलं तर बाटली एकवीसऐवजी अठ्ठावीस तास चालेल, आणि ते बघून काही खटकणार नाही. अशा लहान चुकांसाठी उत्तर उलटं फिरवावं लागतं. ताशी २४ मिलि म्हणजे ताशी १९.२ मिलिग्रॅम, म्हणजे १९,२०० मायक्रोग्रॅम. त्याला ६० नं भागून ३२०, आणि ६४ नं भागून ५. सुरुवातीचा ५ परत आला तर गणित बरोबर. उलटं जाताना आकडेमोड वेगळी असल्यामुळे तीच चूक सहसा पुन्हा होत नाही. पण प्रश्नच चुकीचा वाचला असेल, मिनिटाला तास समजलं असेल, तर उलटं गेल्यावरही सगळं जुळून येतं. म्हणून उलटं फिरवण्याआधी प्रश्नातलं एकक पुन्हा एकदा वाचायचं.

जवळजवळचे दोन पर्याय दिले असतील, ८३ आणि ८४ असे, तर तो बहुधा आकडा कुठे पूर्ण केला याचा खेळ असतो. ५०० मिलि ६ तासांत द्यायचे. कुणी आधी मिनिटाचं काढतं, ५०० भागिले ३६० म्हणजे १.३८९, त्याचं १.४ करतं, आणि ६० नं गुणून ८४ आणतं. थेट ५०० भागिले ६ केलं तर ८३.३, म्हणजे ८३. मधल्या पायरीत आकडा पूर्ण करायचा नाही, शेवटी एकदाच करायचा. थेंब असतील तर पूर्णांकात, कारण अर्धा थेंब मोजता येत नाही. पंप असेल तर पंपाला एक दशांश स्थळ घेता येतं, म्हणून प्रश्नात वेगळं सांगितलं नसेल तर १०.८ चे ११ करू नका.

पट कशाशीच जुळत नसेल तर

कधी कधी भागाकार ना दहा येतो, ना साठ, ना वजन, ना सेट. मग आधी दोन चुकांचा गुणाकार किंवा भागाकार करून बघा. १६.६७ असाच सापडला होता. ६०० म्हणजे साठ आणि दहा, २० म्हणजे साठ भागिले तीन. तरी जुळलं नाही तर साधी आकडेमोडच चुकली असेल, पाढा किंवा हातचा. आणि तिथेही सगळं ठीक असेल, उलटं फिरवूनही सुरुवातीचा आकडा परत येत असेल, तर उत्तरपत्रिका चुकीची आहे असं म्हणायला घाबरू नका. सराव पुस्तकांत छापील उत्तरं चुकलेली असतात. एककं लिहिलेल्या पाच ओळी तुमच्याकडे असतील तर तुम्ही ते ठामपणे सांगू शकता.

ती ज्युनिअर सिस्टर परवा पुन्हा आली. या वेळी प्रश्न सिरिंज पंपाचा होता. तोच ६४ किलोचा रुग्ण, तेच ५ मायक्रोग्रॅम, पण डोपामिनचं एक अँप्यूल, ५ मिलित २०० मिलिग्रॅम, सिरिंजमध्ये घेऊन सलाईननं ५० मिलिपर्यंत भरलेलं. उत्तरपत्रिकेत ४.८, तिचं ५.२८. भागाकार तिनं येण्याआधीच करून ठेवला होता. १.१. "दहा टक्के जास्त, पण दहा टक्के कुठून आले ते सापडेना," म्हणाली. मी काही बोलायच्या आत तिनंच प्रश्न पुन्हा मोठ्यानं वाचला आणि "पर्यंत" या शब्दावर थांबली. तिनं ५० मिलि सलाईन घेऊन त्यात अँप्यूलचे ५ मिलि घातले होते. एकूण ५५. खरं तर सलाईन ४५ मिलिच घ्यायचं होतं. पंचावन्नला पन्नासनं भागलं, १.१ आले, आणि तिनं वहीत त्या ओळीखाली लिहिलं: एकूण किती, आधी ते बघ.